पॅकअपनंतरचा अर्धा तास

चित्रपटाचे बजेट मंजूर होते तेव्हा ते पंधरावीस पानांचे असते. पटकथेपासून प्रसिद्धीपर्यंत प्रत्येक कामाचे शीर्ष, त्याखाली उपशीर्षे, प्रत्येकापुढे दिवस, दर आणि रक्कम. निर्माता त्यावर सही करतो, पैसे गुंतवणारा त्यावर विसंबून पहिला हप्ता देतो. पुढे चित्रीकरण संपते, संकलन सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांनी कधीतरी हिशेबनीस त्या मंजूर बजेटसमोर प्रत्यक्ष खर्च मांडायला बसतो. तेव्हा जेवणाच्या शीर्षात लाखभर जास्त गेलेले दिसतात, ‘किरकोळ’ या शीर्षात त्याहूनही मोठी रक्कम साचलेली असते आणि त्यातले काय कशाला लागले हे सांगू शकणारी माणसे दुसऱ्या चित्रपटाच्या सेटवर गेलेली असतात.

हिशेब जुळवण्याची वेळ त्याच्या बरीच आधीची आहे. ती रोज येते, पॅकअप झाल्यावर, लाइटची उपकरणे टेम्पोत चढत असताना. त्या अर्ध्या तासात सेटवर काय झाले पाहिजे, हे एका दिवसाचा पुरा हिशेब मांडून पाहू.

उदाहरणासाठी मध्यम बजेटचा एक मराठी चित्रपट घेऊ. वाईच्या आसपास वीस दिवसांचे चित्रीकरण आहे आणि युनिट साधारण ऐंशी माणसांचे. कलाकारांचे मानधन, पटकथा, संकलन, संगीत हे खर्च बाजूला ठेवू. ते करारांवर चालतात आणि रोज बदलत नाहीत. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवसाला मंजूर झालेला खर्च असा आहे : तंत्रज्ञ आणि कामगारांची मजुरी व प्रवासभत्ता मिळून ७०,००० रुपये, कॅमेरा-लाइट-जनरेटरचे भाडे ५२,०००, जेवणखाण ३६,०००, राहण्याची सोय ४०,०००, गाड्या २६,०००, डिझेल ७,२०० आणि स्थानिक कलासामान, गावकऱ्यांची गर्दी, पाणी, धुलाई वगैरे मिळून १८,८००. बेरीज अडीच लाख. वीस दिवसांचे पन्नास लाख. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांचे एकमेकांशी नाते खऱ्या सेटवर दिसते तसेच ठेवले आहे.

यातला थोडासाच भाग सेटवर रोखीने जातो. हॉटेल, केटरर, कॅमेरा भाड्याने देणारी कंपनी यांची बिले नंतर येतात आणि बँकेतून चुकती होतात. रोखीचा व्यवहार प्रॉडक्शन मॅनेजरच्या हातातल्या गल्ल्यातून चालतो. हा गल्ला चालवण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे ठरावीक रकमेची. समजा, ६०,००० रुपये ठरले, तर रोज सकाळी गल्ल्यात साठच हजार असले पाहिजेत. आदल्या दिवशी जेवढ्या रकमेची व्हाउचरे तपासून स्वीकारली गेली, तेवढीच रक्कम हिशेबनीस पुन्हा भरतो. त्यामुळे दिवसात कोणत्याही क्षणी गल्ल्यातली रोकड, स्वीकारलेली व्हाउचरे आणि कोणाला दिलेली उचल यांची बेरीज साठ हजारच येते. ती आली नाही तर चूक आजची आहे, कालची नाही. मागेल तेव्हा पन्नास हजार, कधी तीस हजार असे पैसे देत गेलात तर हा फायदा हातचा जातो. फरक कोणत्या दिवशी पडला हे मग कळायलाच मार्ग उरत नाही.

आता सातवा दिवस. संध्याकाळी ढग आले, सूर्यास्ताचा प्रसंग लांबला आणि त्यामागून रात्रीचा प्रसंग उशिरा सुरू झाला. बारा तासांची शिफ्ट सोळा तासांवर गेली. पॅकअप झाल्यावर प्रॉडक्शन मॅनेजरने व्हाउचरे पुढ्यात घेतली. जनरेटरचे डिझेल १०० लिटर, ९,००० रुपये. पाण्याचे जार आणि बर्फ १,२००. बैलगाडीचे भाडे आणि गोवऱ्या, मडकी मिळून ३,५००. नऊवारी साड्यांची धुलाई-इस्त्री ८५०. गर्दीच्या प्रसंगासाठी पंचवीस गावकरी, प्रत्येकी ५०० प्रमाणे १२,५००. तंत्रज्ञांचा प्रवासभत्ता ६,४००. पार्किंग ३००. शिफ्ट लांबल्यामुळे रात्री मागवलेला नाश्ता २,६००. औषधे ४५०. एकूण ३६,८००.

म्हणजे गल्ल्यात २३,२०० असायला हवेत. मोजले तर १८,७०० निघाले. कलाविभागाच्या सहायकाने उद्याच्या सामानासाठी तीन हजारांची उचल घेतली आहे आणि त्याच्या सहीची चिठ्ठी गल्ल्यात आहे. ती धरून २१,७०० झाले. दीड हजारांचा फरक राहिला.

अशा वेळी थकलेल्या माणसाला सुचणारा सोपा मार्ग म्हणजे ‘किरकोळ’ या नावाने दीड हजारांचे व्हाउचर फाडून झोपायला जाणे. पुढच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात इथे होते. सेटवर माणसे अजून आहेत, तेव्हा विचारायला हवे. विचारल्यावर कलाविभागाचा मुलगा सांगतो, “दादा, गाडीवाल्या मामांना रात्रीपर्यंत थांबवून घेतलं ना, त्यांना दीड हजार जास्तीचे दिले. चिठ्ठी करायची राहिली.” व्हाउचर तिथल्या तिथे होते. त्यावर कारण लिहिले जाते : ‘शिफ्ट लांबल्याने बैलगाडी चार तास जास्त, प्रसंग क्रमांक अमुक’. सकाळी मामा दुसऱ्या प्रसंगाला येतील तेव्हा त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा, अशी नोंदही होते. दिवसाचा रोखीचा खर्च ३८,३०० आणि गल्ला पैशापैशाला जुळला. दोन आठवड्यांनी हेच विचारले असते तर मामा त्यांच्या शेतात असते, तो मुलगा पुण्यात असता आणि दीड हजार कायमचे ‘किरकोळ’मध्ये जमा झाले असते.

‘किरकोळ’ या शीर्षाबद्दल माझे मत ठाम आहे. मंजूर बजेटमध्ये ते असेल तर असू द्या, पण त्याखाली नोंद करताना कारण लिहिल्याशिवाय एकही व्हाउचर स्वीकारू नका. नुसत्या कारणानेही भागत नाही, बजेटातल्या शीर्षाचा क्रमांक त्याच वेळी व्हाउचरवर पडला पाहिजे. खर्च कोणत्या शीर्षाचा हे तो करणाऱ्याला ठाऊक असते. कार्यालयात बसलेल्या हिशेबनिसाला मडक्यांचे बिल दिसते, पण ती मडकी सेट सजवायला घेतली की पाणी साठवायला, हे त्याला कसे कळावे? पहिला खर्च कलाविभागाचा, दुसरा खानपानाचा. असे शंभर अंदाज चुकले की शेवटी एकूण बेरीज जुळते, पण एकही शीर्ष जुळत नाही. ही सर्वांत फसवी अवस्था असते, कारण वरवर सगळे ठीक दिसते. पैसे गुंतवणाऱ्याचा लेखापरीक्षक मात्र शीर्षवार पाहतो. टॅलीमध्ये नोंद होत असेल तर प्रत्येक बजेटशीर्षाचे एक कॉस्ट सेंटर पहिल्याच दिवशी उघडावे आणि क्रमांक तेच ठेवावेत, म्हणजे शीर्षवार उतारा एका कळीवर मिळतो.

पावत्यांकडे वळू. शहरातल्या दुकानाचे छापील बिल मिळवणे अवघड नाही. पंपावरची आणि हॉटेलातली पावती मात्र उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर येते आणि गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवस पडली तरी पुसट होते. तिचा फोटो त्याच रात्री काढून त्यावर व्हाउचरचा क्रमांक टाकणे, आणि मूळ पावती कोऱ्या कागदावर चिकटवून शेजारी रक्कम-तारीख हाताने लिहिणे, एवढे पुरते. गावात बिल मिळतच नाही अशी कामे असतात : बैलगाडी, वाड्याची झाडलोट, शेतातून वाट करून देणे. तिथे आपले छापील व्हाउचर चालते. त्यावर घेणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, फोन क्रमांक, काम, तारीख, रक्कम आकड्यात व अक्षरात, त्याची सही आणि आपल्याकडच्या दोघांच्या सह्या हव्यात : खर्च करणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पोचपावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्यावी लागते, म्हणून तिकिटांचा एक कागद गल्ल्यातच ठेवावा.

पंचवीस गावकऱ्यांच्या १२,५०० रुपयांत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. सेटवरची सवय अशी की गर्दी आणून देणाऱ्या एका माणसाच्या हातात सगळी रक्कम ठेवायची आणि त्याच्या एका सहीवर व्हाउचर मिटवायचे. पण एकाच व्यक्तीला एका दिवसात रोखीने दहा हजारांपेक्षा जास्त दिले, तर आयकराच्या हिशेबात तो खर्च सर्वसाधारणपणे वजा करून मिळत नाही. पैसे खरोखर गेलेले असतात आणि कामही झालेले असते, तरी कागदावर नफा तेवढ्याने फुगतो आणि त्यावर कर भरावा लागतो. म्हणून एक तर पंचवीस जणांची नावे असलेला हजेरीपट करून प्रत्येकाच्या हातात पाचशे द्यावेत आणि प्रत्येकाची सही घ्यावी, नाही तर आणून देणाऱ्याच्या बँक खात्यात रक्कम पाठवून त्याचे बिल घ्यावे. हजेरीपटाचा आणखी एक उपयोग आहे. सहायक दिग्दर्शकाच्या नोंदीत त्या दिवशी गर्दीचे किती लोक होते ते असते. पटावर पंचवीस आणि तिथे अठरा असतील तर फरक त्याच रात्री विचारता येतो.

असे पडताळे जवळपास प्रत्येक मोठ्या शीर्षासाठी सापडतात आणि ते हिशेबाच्या वहीबाहेर असतात. जनरेटरवर चाललेले तास दाखवणारे मीटर असते. आपल्या उदाहरणात रोज दहा तास आणि तासाला आठ लिटर असे धरून ८० लिटर मंजूर झाले होते. सातव्या दिवशी मीटर साडेबारा तासांनी पुढे गेले, म्हणजे १०० लिटर योग्यच. पण एखाद्या दिवशी मीटर सात तास दाखवते आणि बिल ९० लिटरचे आहे, तर सकाळी-संध्याकाळी टाकीतली पातळी कोणी पाहिली, हा पुढचा प्रश्न. नुसत्या तासांवरही विसंबता येत नाही, कारण लाइट कमी लागलेल्या दिवशी भार कमी असतो आणि तासाला लागणारे डिझेलही कमी होते. तीन-चार दिवसांच्या नोंदी हाताशी आल्या की आपल्या जनरेटरची सरासरी कळते आणि तिच्यापासून फार लांब गेलेला दिवस ठळक दिसतो. जेवणाच्या ताटांचे तसेच आहे. कॉलशीटवर ऐंशी माणसे आणि केटररच्या चिठ्ठीवर एकशेपाच ताटे असतील, तर गाडीचालक, पाहुणे, गावातली मुले यांचा हिशेब त्याच रात्री केटररसमोर झाला पाहिजे. ताटांच्या चिठ्ठीवर रोज दोन्हीकडच्या सह्या असल्या की महिनाअखेरच्या बिलावर वाद होत नाही.

खोट्या बिलांची लक्षणेही सांगून ठेवतो. एकाच दुकानाच्या बिलांचे क्रमांक लागोपाठ आणि तारखा मात्र आठवडाभर पसरलेल्या. सगळ्या रकमा शंभराच्या पटीत. वेगवेगळ्या दुकानांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर. यातले एखादे लक्षण दिसले म्हणून लगेच कोणावर आरोप करू नये. लहान गावातल्या दुकानाचे आठवड्याभरातले एकमेव गिऱ्हाईक आपले युनिटच असू शकते आणि मग क्रमांक लागोपाठ येणारच. पण विचारायला ते कारण पुरेसे आहे.

आतापर्यंतचे सगळे गल्ल्याबद्दल झाले. गल्ला जुळला म्हणजे दिवसाचा हिशेब झाला, असे पुष्कळ युनिटांमध्ये मानले जाते, आणि अंतिम हिशेब बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. सातव्या दिवसाकडे पुन्हा पाहू. रोखीचा खर्च ३८,३०० झाला, पण त्या दिवशी चित्रपटाला किती खर्च आला?

शिफ्ट चार तास लांबली, त्यामुळे शिफ्टवर काम करणाऱ्यांची जास्तीची मजुरी १८,००० रुपये लागली. आठ ताटे जास्त लागली, ४५० प्रमाणे ३,६००. गाडीचालकांच्या जादा तासांचे ३,०००. रात्रीचा नाश्ता २,६००, वीस लिटर जादा डिझेल १,८००, बैलगाडीचे १,५००. बाकी सगळे मंजुरीप्रमाणे झाले असे धरू. म्हणजे दिवस अडीच लाखांऐवजी दोन लाख ऐंशी हजार पाचशेला पडला, मंजुरीपेक्षा ३०,५०० जास्त. यातले गल्ल्यातून किती गेले? नाश्ता, डिझेल आणि बैलगाडी, मिळून ५,९००. उरलेले २४,६०० कोणत्याही वहीत आज दिसत नाहीत. ते मजुरीच्या पटात, केटररच्या आणि गाडीवाल्याच्या बिलात दोन-तीन आठवड्यांनी प्रकट होतील. तोवर चित्रीकरण संपलेले असेल आणि करण्यासारखे काही उरलेले नसेल.

म्हणून रोखीच्या रोजमेळाशेजारी दुसरा एक कागद रोज भरावा लागतो, दिवसखर्चाचे पत्रक. त्यात पैसे दिले की नाही हे पाहायचेच नाही. आज काय वापरले आणि त्याचे देणे किती झाले, एवढेच लिहायचे. त्याची माहिती पावत्यांतून येत नाही, ती सहायक दिग्दर्शकाच्या दैनिक अहवालातून येते, ज्याला सेटवर डीपीआर म्हणतात. पहिला शॉट किती वाजता, जेवणाची सुट्टी किती, पॅकअप किती वाजता, कोण कोण हजर होते, कोणती जादा लेन्स किंवा क्रेन मागवली, कोणते प्रसंग पूर्ण झाले, हे सगळे त्यात असते. हिशेबनीस त्यावर मंजूर दर लावतो. कॅमेरा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे बिल एक महिन्याने येवो, आज आलेली जादा लेन्स आजच्या तारखेला नोंदली जाते. बिल येईल तेव्हा त्याची गाठ या नोंदीशी घालायची. बिलात एखादा दिवस जास्त लावला असेल तर तोही लगेच उघडा पडतो.

या पत्रकाची जोड मिळाली की आठवड्याच्या अखेरीस खरे चित्र मांडता येते. सात दिवसांना साडेसतरा लाख मंजूर होते, प्रत्यक्ष देण्यासह १८,३२,००० झाले. ८२,००० जास्त. पन्नास लाखांत एवढे चालायचे, असे वाटते. पण डीपीआरमध्ये आणखी एक आकडा आहे. पटकथेत शंभर प्रसंग, दिवसाला पाच प्रमाणे सात दिवसांत पस्तीस व्हायला हवे होते आणि झाले तीस. उरलेले सत्तर प्रसंग ठरल्या वेगाने केले तरी चौदा दिवस लागणार, म्हणजे हातात असलेल्या तेरापेक्षा एक दिवस जास्त. तेव्हा संभाव्य अंतिम खर्च १८,३२,००० अधिक चौदा दिवसांचे पस्तीस लाख, म्हणजे ५३,३२,०००. वाढ ८२ हजारांची नसून तीन लाख बत्तीस हजारांची आहे. प्रसंग सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून काही जण पटकथेची पाने मोजतात, एका पानाचे आठ भाग करून. मोजमाप कोणतेही घ्या, खर्चाचा आकडा झालेल्या कामाशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हा हिशेब वेळेवर मांडूनही न ऐकण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे मायकेल चिमिनो यांचा ‘हेवन्स गेट’. अमेरिकेत मोंटाना राज्यात एप्रिल १९७९मध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि पहिल्या सहा दिवसांत ते पाच दिवस मागे पडले. मंजूर बजेट एक कोटी वीस लाख डॉलरच्या आत होते. शेवटी खर्च चार कोटींच्या वर गेला. चित्रपट पडला आणि १९८१ साली त्याची निर्माती कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स विकली गेली. मागे पडल्याची बातमी पहिल्याच आठवड्यात स्टुडिओपर्यंत पोचलेली होती. त्या आकड्यावर त्याच आठवड्यात निर्णय झाला नाही.

आपल्या वाईच्या युनिटमध्ये आठव्या दिवशी सकाळी निर्णय होऊ शकतो. दिग्दर्शक आणि कार्यकारी निर्माता बसतील. दोन लहान प्रसंग एकाच जागी उरकता येतील का, गर्दीचा एक प्रसंग गाळता येईल का, की अनपेक्षित खर्चासाठी राखलेल्या रकमेतून एक दिवस वाढवायचा? काहीही ठरो, ते लेखी ठरावे आणि निर्मात्याची मंजुरी त्यावर यावी. इथे एक मोह आवरावा लागतो. मूळ बजेटच्या फायलीत जाऊन जेवणाचा आकडा वाढवायचा आणि कपड्यांचा कमी करायचा, म्हणजे सगळे जुळलेले दिसते. असे एकदा केले की कशाशी तुलना करायची तेच हरवते. मंजूर रकमेचा रकाना सहीच्या दिवशी गोठवावा. त्याच्या शेजारी मंजूर बदलांचा रकाना, मग प्रत्यक्ष दिलेले, मग देणे असलेले, मग पुढे लागेल असा अंदाज, आणि शेवटी फरक. एवढे सहा रकाने प्रत्येक शीर्षापुढे असले की पुढच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्याच ओळीत सापडते.

आता कागदावरच्या फरकांच्या तीन जागा, ज्या प्रत्यक्ष खर्च बरोबर असूनही हिशेब बिघडवतात.

पहिली जागा उचलीची. केटररला कामाआधी पन्नास हजार दिले आणि ते जेवणाच्या शीर्षात खर्च म्हणून लिहिले. शेवटी त्याचे पूर्ण बिल आले, तेही त्याच शीर्षात लिहिले. पन्नास हजार दोनदा पडले. उचल ही त्या माणसाकडून येणे असलेली रक्कम आहे, खर्च नव्हे. ती त्याच्या नावाच्या खात्यात राहावी आणि बिल आल्यावर त्यातून वजा व्हावी. वाड्याच्या मालकाकडे ठेवलेली अनामत, भाड्याच्या दागिन्यांवरची अनामत यांचेही तसेच. त्या परत येणार आहेत, आणि परत आल्या की नाहीत हे पाहणारा कोणीतरी हवा, कारण युनिट निघून गेल्यावर अनामत विसरणे फार सहज घडते.

दुसरी जागा कापून दिलेल्या कराची. लाइटवाल्याचे बिल एक लाखाचे आहे, त्यातून दोन टक्के आयकर कापून ९८,००० पाठवले. बँकेच्या उताऱ्यावरून खर्च लिहिणारा ९८,००० लिहितो. खर्च एक लाखच आहे. दोन हजार आपण त्याच्या वतीने सरकारकडे भरायचे असतात. अशा शंभर बिलांनंतर खर्च कमी दिसतो आणि भरायच्या कराचा आकडा कोठून आला हे कळत नाही.

तिसरी जागा जीएसटीची, आणि ती बजेट तयार होतानाच ठरवायला हवी. कॅमेऱ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. बजेटमध्ये ५२,००० लिहिले ते कर धरून की सोडून? निर्मितीसंस्था जीएसटीत नोंदलेली असेल तर असा बराच कर पुढे वळता करून घेता येतो आणि तो खर्च ठरत नाही. जेवणावरचा कर सहसा वळता होत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा लागतो. डिझेल-पेट्रोल जीएसटीच्या बाहेरच आहे. कर वळता करून घ्यायचा असेल तर बिल निर्मितीसंस्थेच्या नावाने आणि तिच्या जीएसटी क्रमांकाने हवे. कलादिग्दर्शकाने घाईत स्वतःच्या नावाने सामान घेतले तर तो कर बुडाला. शिवाय विकणाऱ्याने त्याचे विवरणपत्र भरलेले असावे लागते. त्याने ते भरले नाही तर आपल्या खात्यात तो कर दिसत नाही, म्हणून मोठ्या बिलांची शेवटची रक्कम देण्यापूर्वी जीएसटीच्या पोर्टलवर ते बिल दिसते का, हे पाहून घ्यावे.

शेवटच्या दिवसाचे पॅकअप झाले की गल्ल्याची पद्धत उलटी चालते. नवी उचल बंद, प्रत्येकाची उचल बिलासह परत, उरलेली रोकड बँकेत. कलाविभागाने विकत घेतलेले सामान विकले तर ती रक्कम त्याच शीर्षात जमा होते. वाड्याचे काही मोडले असेल तर दुरुस्तीचा आकडा मालकासमोर, युनिट गावात असतानाच ठरवावा. प्रत्येक पुरवठादाराकडून त्याच्या खात्याचा उतारा मागवून आपल्या नोंदीशी ताडून पाहावा आणि सगळी रक्कम मिळाल्याचे पत्र घ्यावे. ही पत्रे गोळा करण्यात आळस झाला तर चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर जुन्या बाक्या घेऊन माणसे उभी राहतात, आणि तेव्हा त्या खऱ्या की खोट्या हे तपासायला वेळ नसतो.

आयकराच्या कायद्यानुसार निर्मात्याला आणखी एक विवरणपत्र द्यावे लागते. निर्मितीत काम केलेल्या ज्या ज्या व्यक्तीला मिळून पन्नास हजारांपेक्षा जास्त दिले किंवा देणे आहे, त्या प्रत्येकाचा तपशील त्यात येतो. शीर्षवार हिशेब नीट ठेवूनही व्यक्तिवार खाते ठेवले नसेल तर इथे सगळी व्हाउचरे पुन्हा उपसावी लागतात. म्हणून पहिले पैसे देतानाच नाव, पत्ता, पॅन एका नोंदीत घ्यावे.

एवढे करूनही चित्रीकरण संपल्यावर दोन-तीन महिने बिले येतच राहतात. लेन्सला ओरखडा गेल्याची भरपाई, हॉटेलने विसरलेली एक रात्र, टोलची राहिलेली रक्कम. त्यांच्यासाठी दिवसखर्चाच्या पत्रकांत नोंद असलेल्या, पण बिल न आलेल्या रकमांची यादी करून ती देणे म्हणून अंतिम हिशेबात दाखवावी. प्रत्येक नव्या बिलाला या यादीतली आपली ओळ सापडली पाहिजे. ओळ नसलेले बिल आले तर त्या तारखेचा डीपीआर काढून पाहावा. त्यात ती वस्तू सेटवर आल्याची नोंद असेल तर पैसे द्यावेत, नसेल तर बिल पाठवणाऱ्याकडे आपल्या माणसाच्या सहीचे चलन मागावे.